फोटोतला शर्ट बदलताना चौकडी सरळ राहते का? IDM-VTON आठ महिने वापरल्यानंतर

साधा किंवा मोठ्या चित्राचा शर्ट फोटोतल्या माणसाच्या अंगावर चढवायला IDM-VTON हे AI मॉडेल उत्तम आहे. बारीक चौकडीचा शर्ट मात्र त्यावर थेट चढवू नका. Denoising Steps ३० वरून ४० केले, सीड बदलून पाहिला, तरी शिवणीपाशी रेघा वाकड्याच येतात. अडचण सेटिंगची नाही, जागेची आहे.

हे मॉडेल ७६८ × १०२४ पिक्सेलवर चालतं आणि आतमध्ये चित्र आठपट लहान करून काम करतं. म्हणजे ८ × ८ पिक्सेलचा एक चौकोन हा त्याचा सर्वात लहान घास. आता हिशेब करू. कमरेपर्यंतच्या फोटोत छातीवर दिसणारं ४८ सेंमी कापड ३८४ पिक्सेलात बसलं, तर एका सेंटिमीटरला ८ पिक्सेल मिळाले. २४ मिमीची चौकडी १९ पिक्सेलची होते, म्हणजे दोन घासांहून थोडी जास्त. समोरच्या भागावर ती बऱ्यापैकी टिकते. ६ मिमीची चौकडी ५ पिक्सेलसुद्धा भरत नाही. तिथे मॉडेल रेघा मोजत नाही, चौकडीसारखं काहीतरी रंगवतं. पूर्ण उंचीचा फोटो दिला तर मोठ्या चौकडीचीही हीच गत होते. आमचा अनुभव असा, की चौकडीचं एक आवर्तन १६ पिक्सेलच्या खाली गेलं की थेट चढवण्याचा नाद सोडावा.

खणाची बारीक बुट्टी जास्त फसवते. ओळी सरळ दिसतात, पण झूम केलं की प्रत्येक बुट्टीचा आकार वेगळा निघतो. गिऱ्हाईक नेमकं तेच झूम करून बघतं.

म्हणून आता पद्धत बदलली आहे. मॉडेलला चौकडीचा शर्ट द्यायचाच नाही. त्याच कटाचा फिकट राखाडी, साधा शर्ट द्यायचा आणि त्याच्याकडून फक्त चुण्या, सावल्या आणि बसणं घ्यायचं. साध्या कापडात हरवण्यासारखी नक्षी नसते, त्यामुळे तो निकाल चारपट मोठा केला तरी फारसं बिघडत नाही. मग ६ मिमीच्या चौकडीला १९ पिक्सेल मिळतात आणि ती फोटोशॉपमध्ये हाताने घालता येते. शर्ट गडद घेऊ नका. वर चौकडी Multiply ने बसवायची असते, गडद शर्टावर ती मळकट होते.

चौकडी संपूर्ण शर्टावर एकसंध पसरणं ही सर्वात मोठी चूक. शर्ट तुकड्यांचा असतो, म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळा मास्क आणि वेगळा लेयर हवा: दोन्ही पुढे, बटणपट्टी, खिसा, बाह्या, कॉलर. चांगल्या शिवणकामात बटणपट्टीवर आणि खिशावर रेघा जुळतात. मुंढ्याला मात्र आडवी रेघ थोड्याच उंचीपर्यंत जुळते, कारण बाहीचा माथा गोल कापलेला असतो. वरपासून खालपर्यंत सगळ्या रेघा जुळवल्या, तर शिवणकाम कळणारा माणूस चित्र खोटं आहे हे लगेच ओळखतो. खिसा उरेबात कापलेला असेल तर तसाच ४५ अंशांत ठेवा.

चुण्यांसाठी फोटोशॉपचं Displace फिल्टर वापरा. राखाडी शर्टाची प्रत थोडी ब्लर करून PSD म्हणून ठेवा आणि Displace ला नकाशा म्हणून तीच द्या. ब्लर केली नाही तर कापडाच्या दाण्यामुळे रेघा करवतीसारख्या होतात. १०० स्केलला रेघ जास्तीत जास्त १२८ पिक्सेल सरकते, म्हणजे ६ ला साधारण ८. आपलं आवर्तन १९ पिक्सेलचं आहे. रेघ त्याच्या अर्ध्याहून जास्त सरकली तर शेजारच्या रेघेत मिसळल्यासारखी दिसते. म्हणून ६ च्या वर जात नाही. रेघ चुणीच्या उलट बाजूला वाकली तर स्केल उणे करा. हे हमखास होतं, कारण Displace उजेडालाच उंची समजतं आणि एका बाजूने प्रकाश असला की चुणीची एक कड उजळ, दुसरी काळी असते.

Displace ला न जमणारी एकच जागा म्हणजे कापडावर कापड चढलेली घडी: कोपर, काख, पँटमध्ये खोचलेली कंबर. तिथे काही कापड आत दडलेलं असतं, म्हणून रेघ तुटायलाच हवी. घडीच्या कडेवर मास्क कापा आणि खालच्या भागाची चौकडी दडलेल्या कापडाइतकी सरकवा. १ सेंमी खोल घडीत येताजाता मिळून २ सेंमी कापड जातं, म्हणजे इथे ६४ पिक्सेल. ६४ ही संख्या १९ च्या पटीत नसल्याने रेघ जुळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एका शर्टाला दीड-दोन तास लागतात, त्यातला अर्धा वेळ कॉलर आणि बाह्या खातात. आणखी एक: IDM-VTON चं लायसन्स अव्यावसायिक वापरापुरतं आहे. डिझाइन दाखवायला, शिकायला ठीक. विक्रीच्या कॅटलॉगसाठी राखाडी शर्ट घातलेल्या मॉडेलचा खरा फोटो काढा. पुढची सगळी पद्धत त्यावरही तशीच चालते, आणि चुण्या अधिक खऱ्या मिळतात.