एनपीव्हीची शीट तपासायला Ctrl+\ आणि Go To Special: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या चाकणच्या कारखान्यात भांडवली खर्चाचा कुठलाही प्रस्ताव बोर्डापुढे जायच्या आधी त्याची एनपीव्हीची, म्हणजे पुढच्या रोख प्रवाहांची आजची निव्वळ किंमत काढणारी, शीट माझ्याकडे तपासायला येते. पूर्वी मी एकेका सेलवर जाऊन F2 दाबत बसायचे. तीनशे सेल झाले की डोळे थकायचे आणि नेमकी चूक निसटायची. गेले आठ महिने मी एक्सेलमध्ये आधीपासून असलेलीच साधने एका ठरलेल्या क्रमाने वापरते आहे. वेगळे काही विकत घेतलेले नाही. त्यांनी काय पकडले आणि काय पकडले नाही ते एका खऱ्या फाइलवरून सांगते, कारण त्या एका फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारच्या चुका होत्या.

प्रस्ताव पावडर कोटिंगच्या लाइनचा होता. आम्ही कोटिंग बाहेरून जॉबवर्कने करून घेतो, ते घरात आणायचे. यंत्रांचा खर्च 440 लाख, पहिल्या वर्षी जॉबवर्कची बचत 240 लाख आणि ती दरवर्षी 5 टक्के वाढणार. चालवण्याचा खर्च 100 लाख, तो 6 टक्क्यांनी वाढणार. खेळते भांडवल 40 लाख, पाच वर्षांनी परत मोकळे होणार. घसारा घटत्या शिल्लकीवर 15 टक्के, कर 25.168 टक्के, डिस्काउंट रेट 12 टक्के. पाचव्या वर्षानंतर यंत्रांची किंमत धरलेली नव्हती. शीटच्या तळाशी ठळक अक्षरांत एनपीव्ही 62.8 लाख. फाइल शुक्रवारी संध्याकाळी आली आणि बोर्डाची बैठक सोमवारी होती.

पहिले काम म्हणजे फाइलची प्रत काढणे आणि तिच्यात एक कोरी शीट जोडणे. त्या शीटवर सेलचा पत्ता, जुने सूत्र, नवे सूत्र आणि दुरुस्तीनंतरचा एनपीव्ही एवढे चारच रकाने असतात. एका वेळी एकच दुरुस्ती करायची आणि एनपीव्ही लिहून ठेवायचा. हे पाळले नाही तर शेवटी आकडा बदललेला दिसतो, पण कशामुळे किती बदलला ते कुणालाच सांगता येत नाही.

मग एकच सेल निवडून F5, त्यात `Special`, त्यात `Constants`, आणि खाली फक्त `Numbers` वर खूण ठेवायची. एकच सेल निवडलेला असला की शोध अख्ख्या शीटभर होतो. सूत्र नसलेले, हाताने टाइप केलेले सगळे आकडे एकदम निवडले जातात, त्यांना लगेच पिवळा रंग देऊन टाकते. वरच्या गृहीतकांच्या भागात पिवळे दिसणारच, वर्षांच्या मथळ्यातही दिसणार. माझे लक्ष फक्त गणिताच्या पट्ट्यात असते. या फाइलमध्ये तिथे एक सेल पिवळा झाला, G10. चौथ्या वर्षाची बचत. तिथे सूत्राऐवजी नुसते 310 होते. 5 टक्के वाढीने तो आकडा 277.83 यायला हवा. शिवाय पाचवे वर्ष चौथ्यावर वाढ लावून काढलेले असल्यामुळे तेही फुगले होते.

शीट बनवणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तो आकडा प्रॉडक्शनने दिलाय. चौथ्या वर्षी नवा ग्राहक येणार आहे म्हणे." म्हणजे त्याने लपवाछपवी केलेली नव्हती, आकड्याला आधार होता. पण शीट वाचणाऱ्याला तो आधार कुठेच दिसत नव्हता, आणि वाढीचा दर 5 वरून 0 केला तरी तो सेल जागचा हलत नव्हता. टाइप केलेला आकडा सापडला की तो लगेच पुसायचा नाही, आधी तो कुठून आला ते विचारायचे, हे मी याच आठ महिन्यांत शिकले. सूत्र परत बसवल्यावर एनपीव्ही 62.8 वरून 33.2 वर आला.

आता या साधनाची मर्यादा. `Constants` फक्त निव्वळ आकडे शोधते. सूत्राच्या पोटात दडलेला आकडा त्याला दिसत नाही, कारण त्याच्या लेखी तो सेल सूत्राचाच असतो. त्यासाठी मी Ctrl+\ वापरते, आणि सगळ्या साधनांत मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला आहे. पट्टा निवडायचा आणि Ctrl+\ दाबायचे. निवडीतला चालू सेल ज्या स्तंभात असेल, त्या स्तंभाशी प्रत्येक ओळीतले बाकीचे सेल ताडले जातात आणि वेगळे निघतात तेवढेच निवडलेले राहतात. तुलना सापेक्ष पत्त्यांची होते, त्यामुळे नीट ओढत नेलेले सूत्र सारखेच धरले जाते.

यात मी सुरुवातीला दोनदा फसले. पहिल्या वर्षाचे सूत्र बहुतेक ओळींत मुळातच वेगळे असते, कारण ते थेट गृहीतकाला जोडलेले असते. तिथून निवड सुरू केली की सगळा पट्टा वेगळा दिसतो आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. म्हणून निवड दुसऱ्या वर्षापासून करायची, आमच्या मांडणीत E10 ते H17. दुसरी गोष्ट, चूक नेमकी त्या पहिल्या स्तंभातच असेल तर उरलेले तीन बरोबर सेल वेगळे म्हणून निवडले जातात. त्यांना चुकीचे ठरवण्याआधी दोन्हीकडची सूत्रे वाचायची.

या फाइलमध्ये F14 निघाला, तिसऱ्या वर्षाचा कर. शेजारचे आणि ते असे होते:

```
E14:  =E13*$B$6
F14:  =F13*0.22
G14:  =G13*$B$6
```

22 टक्के हा कराचा मूळ दर. त्यावर 10 टक्के अधिभार आणि त्या बेरजेवर 4 टक्के उपकर धरला की 25.168 होतात. कधीतरी कुणीतरी तपासून बघायला 22 टाकले आणि ते तसेच राहून गेले. परिणाम 2.4 लाखांचाच, एनपीव्ही 30.8 झाला. मला जास्त टोचले ते वेगळेच. अशा सेलच्या कोपऱ्यात एक्सेल हिरवा त्रिकोण दाखवते, तो इथे नव्हता. कुणीतरी `Ignore Error` केले होते. त्यानंतर मी प्रत्येक फाइलवर `File > Options > Formulas` मध्ये जाऊन `Reset Ignored Errors` दाबूनच सुरुवात करते.

संपूर्ण ओळच सारखी चुकली असेल तर मात्र Ctrl+\ गप्प बसते. प्रत्येक सेलमध्ये `*1.05` लिहिलेले असेल तर त्याच्या दृष्टीने सगळे एकसारखे आहे. तिथे Ctrl+` दाबून सूत्रे उघडी करून वाचण्याला पर्याय नाही. त्याच वेळी मी शेवटचा सेलही वाचते, कारण एक्सेलचे NPV हे फंक्शन दिलेल्या पट्ट्यातला पहिला आकडाही एक वर्ष पुढचा धरते. शून्य वर्ष आत घातले तर सगळे उत्तर 1.12 ने भागले जाते. या फाइलमध्ये `=NPV(B3,D17:H17)+C17` असे बरोबर होते.

इथपर्यंत शीट स्वच्छ दिसत होती आणि सर्वांत मोठी चूक अजून तशीच होती.

चिन्हाची चूक कुठलेच बटण शोधत नाही, कारण ती सहसा अख्ख्या ओळीत सारखी असते. तिच्यासाठी मी दिशेची चाचणी करते. एकेक गृहीतक दुप्पट करायचे, पण त्याआधी एनपीव्ही वर जाणार की खाली ते कागदावर लिहायचे. यंत्रांचा खर्च वाढवला, खाली गेला. चालवण्याचा खर्च वाढवला, खाली. मग खेळते भांडवल 40 चे 80 केले आणि एनपीव्ही 30.8 वरून 48.1 वर चढला. जास्त पैसा अडकवला तर प्रकल्प सुधारतो, असे कधी होत नाही.

कारण ओळ 16 मध्ये सापडले. तिथे खेळत्या भांडवलातला बदल काढला होता, या वर्षीची शिल्लक वजा मागच्या वर्षीची. शून्य वर्षी तो अधिक 40 येतो, पाचव्या वर्षी उणे 40. गणित बरोबर आहे, पण शिल्लक वाढणे म्हणजे रोकड बाहेर जाणे. रोख प्रवाहाच्या ओळीत हा बदल वजा व्हायला हवा होता, तो मिळवला गेला होता:

```
होते:  =C10-C11-C14-C15+C16
हवे:   =C10-C11-C14-C15-C16
```

त्यामुळे शून्य वर्षाचा प्रवाह उणे 480 ऐवजी उणे 400 दिसत होता. गोल आकडा, कुणाला खटकला नाही. डिस्काउंट रेट 0 करून साध्या बेरजेशी ताडण्याची माझी नेहमीची चाचणीही इथे कुचकामी ठरली, कारण आलेले 40 आणि गेलेले 40 एकमेकांना फेडून टाकतात. फरक फक्त काळाचा आहे. पाचव्या वर्षीच्या 40 लाखांची आजची किंमत 22.7 लाख, म्हणजे खरा भार 17.3 लाखांचा. चिन्ह उलटे पडले की तो भार लागत तर नाहीच, वर तेवढाच फायदा मिळतो. एकूण फरक दुप्पट, 34.6 लाख. दुरुस्तीनंतर एनपीव्ही उणे 3.8 लाख आला.

शनिवारी सकाळी सहकाऱ्याला समोर बसवून नोंदीची शीट ओळीने दाखवली. खेळत्या भांडवलाशी तो बराच वेळ थांबला, स्वतः 40 चे 80 करून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, हे तर मी मागच्या फाइलवरून उचललंय." मग मागची फाइलही उघडली. तीच ओळ, तेच अधिकचे चिन्ह. तो प्रस्ताव आधीच मंजूर झालेला होता. तिथे एनपीव्ही भरपूर असल्यामुळे निर्णय बदलला नसता, पण ते आम्ही वरिष्ठांना लेखी कळवले.

बोर्डापुढे आम्ही दोन आकडे ठेवले. मूळ गृहीतकांवर उणे 3.8 लाख, आणि नवा ग्राहक धरून चौथ्या वर्षी 310 ची बचत घेतली तर 25.8 लाख. 310 ला गृहीतकांच्या भागात स्वतंत्र सेल दिला आणि शेजारी तो कोणी, केव्हा सांगितला ते लिहिले. पहिल्या शीटवर हा फरक दिसतच नव्हता. बोर्डाने प्रॉडक्शनकडे त्या ग्राहकाचे पत्र मागितले आणि विषय पुढच्या बैठकीवर ठेवला.

वेळेचे म्हणाल तर एका शीटच्या फाइलला मला आता तासभर लागतो. त्यातली बटणे दहा मिनिटांत उरकतात, उरलेला वेळ दिशेच्या चाचणीला आणि विचारपूस करायला जातो. आठ-दहा शीट एकमेकींना जोडलेल्या असतील तर ही पद्धत तोकडी पडते, कारण `Go To Special` एका वेळी एकाच शीटवर चालते. घरच्या लॅपटॉपवर मी लिब्रेऑफिस वापरते. त्यात Ctrl+F8 दाबले की टाइप केलेले आकडे निळे आणि सूत्रे हिरवी होतात, ते एक्सेलपेक्षा सोयीचे वाटते. गूगल शीट्समध्ये फाइल आली तर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये `=AND(ISNUMBER(D10),NOT(ISFORMULA(D10)))` हा नियम लावते.

सहकाऱ्याची पुढची फाइल गेल्या महिन्यात आली. ओळ 16 चे नाव त्याने बदलले होते: "खेळत्या भांडवलातील वाढ, रोकड बाहेर". मी तरीही 40 चे 80 करून पाहिले. एनपीव्ही खाली गेला.