मॅग्नेट की टॉरेंट फाइल: आठ महिन्यांचा अनुभव आणि केबलवाल्याची मागितलेली माफी

टॉरेंट म्हणजे काय हे सांगत बसत नाही. माझा उपयोग साधा आहे. जुने लॅपटॉप गोळा करतो, त्यांवर डेबियन लिनक्स टाकतो आणि लागेल त्याला देतो. डाउनलोडसाठी बिजागरी तुटलेला 2 जीबी रॅमचा एक लॅपटॉप कपाटावर ठेवलाय. त्यावर रात्री aria2c हे टर्मिनलवरून चालणारं टॉरेंट क्लायंट चालतं. नवीन नॅस घ्यायला पैसे नाहीत असं नाही, पण हा चालतोय तोवर कशाला घ्यायचा?

आठ महिन्यांपूर्वी मी ठासून सांगत होतो की मॅग्नेट भंगार आहे, टॉरेंट फाइलच खरी. भाच्याने व्हॉट्सॲपवर डेबियनच्या डीव्हीडीची मॅग्नेट लिंक पाठवली. ती टर्मिनलवर चिकटवली आणि झोपलो. सकाळी पाहतो तर हीच ओळ:

```
[#2089b0 0B/0B CN:0 SD:0 DL:0B]
```

म्हणजे रात्रभर वीज जाळून शून्य बाइट! फाइल सोडाच, फाइल किती मोठी आहे हेही त्याला कळलेलं नव्हतं.

डोकं फिरतं ते इथे. मॅग्नेटमध्ये मुख्य गोष्ट एकच, 40 अक्षरांचा हॅश. टॉरेंट फाइलमधल्या info नावाच्या भागाचा तो ठसा. फाइलचं नाव, आकार आणि प्रत्येक तुकड्याचा 20 बाइटचा हॅश हे सगळं त्या info मध्ये असतं. टॉरेंट फाइल हातात असली की हे पहिल्यापासूनच तुमच्याकडे आहे. मॅग्नेट असेल तर ते आधी कुठल्या तरी पीअरकडून, म्हणजे तीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मशीनकडून, मागून घ्यावं लागतं, 16 केबीच्या घासांनी. आता हिशेब करा. 4 जीबीची फाइल 1 एमबीच्या तुकड्यांत असेल तर 4096 तुकडे झाले, म्हणजे हॅशच 80 केबीचे. नाव वगैरे धरून सहा घास. या सहा घासांसाठी मी रात्र घालवली!

केबलवाल्याला फोन केला. त्याचा पोरगा म्हणाला, "काका, यूट्यूब चालतंय ना? मग नेट ओके आहे." मी म्हटलं, तुम्ही टॉरेंट अडवताय. तो म्हणाला, आम्ही काही अडवत नाही. आवाज चढले. शेवटी "बंदच करतो तुमचं कनेक्शन" इथपर्यंत गेलं. तसा मी दर महिन्याला हे म्हणतोच.

मग रागाने डेबियनच्या साइटवरून टॉरेंट फाइल घेतली. चालू केली आणि अर्ध्या मिनिटात वेग मिळाला, त्याच नेटवर. म्हणजे अडवाअडवी नव्हती. पण मी हार मानतोय थोडीच! निष्कर्ष काढला की मॅग्नेटच वाईट, आणि दोन महिने सगळ्यांना तेच सांगत सुटलो.

खरी गंमत पुढे झाली. दोन महिन्यांनी तीच जुनी मॅग्नेट लिंक चुकून परत चिकटवली, आणि मिनिटभरात info आली. लॅपटॉप तोच, नेट तेच. काहीच बदललं नव्हतं, मग चाललं कसं? हे कळेपर्यंत मला चैन पडेना.

आधी पीअर सापडतात कसे ते बघा. ट्रॅकर हा चौकातल्या पानवाल्यासारखा. माल त्याच्याकडे नसतो, पण कोण कुठे राहतं ते त्याला ठाऊक असतं. तुमचं क्लायंट त्याला हॅश आणि आपला पोर्ट सांगतं, तो त्याच हॅशवाल्यांचे पत्ते देतो. पुन्हा किती वेळाने विचारायचं तेही सांगतो. टॉरेंट फाइलमध्ये ट्रॅकरचा पत्ता असतो. मॅग्नेटमध्ये तो `tr=` या शेपटीत असतो, असलाच तर.

पीअर शोधायचा दुसरा मार्ग डीएचटी, म्हणजे क्लायंटांनी आपसात वाटून घेतलेली पत्त्यांची वही. तिला असा पानवाला नाही. प्रत्येक क्लायंटला 160 बिटांचा क्रमांक असतो आणि हॅशही 160 बिटांचाच. ज्यांचा क्रमांक त्या हॅशच्या जवळचा, ते त्याच्या पीअरांची यादी सांभाळतात. जवळ म्हणजे एक्सॉर करून येणारा आकडा लहान, भूगोलाचा संबंध नाही. तुम्ही ओळखीच्या एकाला विचारता. त्याला माहीत नसेल तर तो "माझ्यापेक्षा हे जवळचे" म्हणून आठ जणांचे पत्ते देतो. असं विचारत विचारत काही टप्प्यांत तुम्ही यादीपाशी पोचता. हे सगळं यूडीपीवर चालतं.

पण यात एक मेख आहे: पहिली ओळख कुठून आणायची? गावात कुणालाच ओळखत नसाल तर पत्ता विचारणार कुणाला? बरीच क्लायंट दोन-तीन कायमचे पत्ते सोबत घेऊनच येतात. aria2c तसं करत नाही, सुरुवातीचा पत्ता तुम्हीच द्यायचा. माझ्या नव्या इन्स्टॉलचा डीएचटीचा तक्ता पूर्ण कोरा होता. नंतर टॉरेंट फाइल चालवली तेव्हा ट्रॅकरने पीअर दिले, त्या पीअरांनी आपला डीएचटी पोर्ट सांगितला, तक्ता भरला आणि `dht.dat` मध्ये जपून राहिला. दोन महिन्यांनी मॅग्नेट चाललं ते त्या टॉरेंट फाइलच्या पुण्याईवर.

तरी एक प्रश्न उरला. भाच्याच्या लिंकमध्ये डेबियनचा ट्रॅकर होता. मग पहिल्या रात्री तो का नाही विचारला गेला? मी टाइप केलं होतं ते हे:

```
aria2c magnet:?xt=urn:btih:HASH&dn=debian&tr=http%3A%2F%2Fbttracker.debian.org%3A6969%2Fannounce
```

अवतरणचिन्हं नव्हती. शेलला `&` म्हणजे "इथवरचं काम मागे टाक". त्यामुळे aria2c ला फक्त हॅश मिळाला. `dn=` आणि `tr=` शेलला आपलेच व्हेरिएबल वाटले, म्हणून एररसुद्धा नाही! खुणा होत्या. सुरुवातीला `[1] 2417`, `[2] 2418` असे आकडे उमटले होते आणि Ctrl+C दाबून काम थांबत नव्हतं. मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ट्रॅकर मीच कापला होता आणि डीएचटी कोरं होतं. शिव्या खाल्ल्या केबलवाल्याच्या पोराने. परवा बिल भरताना त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "कशाबद्दल, काका?"

आता हे चालवतो:

```
aria2c --dht-entry-point=router.bittorrent.com:6881 \
  --bt-save-metadata=true 'magnet:?xt=...&tr=...'
```

दुसऱ्या पर्यायाने आलेली info हॅशच्या नावाची टॉरेंट फाइल म्हणून साठते. त्या 80 केबी पुन्हा भीक मागून आणायच्या नाहीत.

मॅग्नेटला भंगार म्हणणं मागे घेतो. जुन्या डिस्कवर एक टॉरेंट फाइल सापडली होती, तिच्यातला ट्रॅकर कधीच मेलेला. डीएचटीने तिचे दोन सीडर, म्हणजे पूर्ण फाइल असलेले पीअर, शोधून दिले. ट्रॅकर गेला म्हणून फाइल गेली असं होत नाही.

पण एक तक्रार कायम आहे. मॅग्नेटवरून येते ती फक्त info. टॉरेंट फाइलमध्ये info च्या बाहेर `url-list` असू शकते, म्हणजे साध्या वेब सर्व्हरचा पत्ता, कुणीच पीअर नसेल तेव्हा तिथून माल येतो. archive.org च्या टॉरेंट फाइलींत ती असते. तिथल्या एका जुन्या मराठी पुस्तकाला जगात एकही सीडर नव्हता, टॉरेंट फाइलने ते सर्व्हरवरून निमूट उतरलं. त्याच्याच नुसत्या हॅशचं मॅग्नेट करून पाहिलं तर परत `0B/0B`. info देणाराच कुणी नाही तर ती येणार कुठून?

म्हणून भाच्याला सांगून ठेवलंय, गर्दीची फाइल असेल तर मॅग्नेट पाठव, शेपटी न कापता. दुर्मिळ असेल तर टॉरेंट फाइलच पाठव. तो काल म्हणाला, "मामा, गूगल ड्राइव्हवर टाकू का?"