साठ दुरुस्त संदेशांतून बांधलेली शैलीपुस्तिका : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पाच जणांच्या गटाकडे ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरे देण्याचे काम आहे. महत्त्वाची उत्तरे एक ज्येष्ठ सहकारी वाचून दुरुस्त करीत. पण दुरुस्ती त्या एका उत्तरापुरतीच राही आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी मसुद्यात पुन्हा दिसे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही अशी साठ उत्तरे मूळ मसुद्यांसह गोळा केली, त्यांतील नावे व क्रमांक काढून टाकले आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशा जोड्यांची एक लहान पुस्तिका तयार केली.

तक्त्यात चार रकाने होते: प्रसंग, आधी, नंतर आणि कारण. सर्वांत जास्त वेळ कारणाच्या रकान्याने घेतला. सुरुवातीला तिथे ‘हे जास्त बरे वाटते’ असे शेरे पडले, ज्यांचा नव्या माणसाला काहीच उपयोग नव्हता. मग आम्ही असे ठरवले की, मूळ वाक्यामुळे वाचणाऱ्याची नेमकी कोणती अडचण होते तेच कारण म्हणून लिहायचे. ज्या बदलाला असे कारण देता आले नाही, तो दुरुस्त करणाऱ्याची आवड समजून वगळला, आणि जो बदल किमान तीन वेगवेगळ्या उत्तरांत आढळला तोच ठेवला. साठ उत्तरांतून अखेर अकरा जोड्या उरल्या. आकडा पाहून थोडी निराशा झाली होती. आज वाटते की त्या तीस असत्या तर कोणी उघडूनही पाहिल्या नसत्या.

सर्वाधिक वापरली गेलेली जोडी अशी. आधी: ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली असून लवकरात लवकर कार्यवाही करण्यात येईल.’ नंतर: ‘तुमची तक्रार मी आज हिशेब विभागाकडे दिली आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत रक्कम परत मिळेल.’ कारण: कोण काय करणार आणि केव्हा, हे मूळ वाक्यातून कळत नाही, त्यामुळे ग्राहक दोन दिवसांनी पुन्हा विचारतो.

ही जोडी वाचायला चोख होती, पण वापरात दोन ठिकाणी अडली. पहिली अडचण अशी की, त्यात एकाच वेळी तीन बदल होते: ‘आपली’चे ‘तुमची’, कर्त्याचा उल्लेख आणि मुदत. एका सहकाऱ्याने त्यातून फक्त ‘तुमची’ उचलले आणि पुढचे ‘करण्यात येईल’ तसेच ठेवले. त्यानंतर आम्ही त्या जोडीच्या तीन जोड्या केल्या व प्रत्येकीत एकच गोष्ट बदलती ठेवली. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. रक्कम परत करणे आमच्या हातात नसताना मुदत मात्र आम्ही लिहून देत होतो, आणि ती टळली की पहिल्या तक्रारीवर दुसरी चढे. शेवटी ‘नंतर’चे वाक्य बदलून असे केले: ‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत काय झाले ते मी तुम्हाला कळवेन, काम अपुरे असले तरीही कळवेन.’ म्हणजे वचन द्यायचे ते स्वतःच्या पुढच्या निरोपाचे, दुसऱ्या विभागाच्या कामाचे नव्हे. तेव्हापासून प्रत्येक जोडीखाली ‘हे कुठे लागू नाही’ अशी एक ओळ असते, आणि माझ्या मते पुस्तिकेतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

एक चूक मात्र निव्वळ मांडणीची होती. घाईत शब्द शोधून पुस्तिका उघडणाऱ्याला आधी सापडे ते ‘आधी’चे वाक्य, आणि एकदा तेच उचलून पाठवले गेले. आता ‘आधी’ची वाक्ये फिकट रंगात व खोडरेघेसह आहेत, आणि ‘नंतर’मध्ये वार, विभाग अशा जागी चौकटी कंस रिकामे ठेवले आहेत. वाक्य जसेच्या तसे उचलले तर निदान रिकामा कंस डोळ्यांत भरतो.

पुस्तिका खरोखर उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी आम्ही दर महिन्याला पाच ताजे मसुदे निवडतो आणि दोघे जण एकमेकांचे न पाहता ते दुरुस्त करतात. दोघांनी वेगळा बदल केला तर आधी जोडीचे कारण तपासतो, माणसाला दोष देत नाही. मुदतीच्या जोडीतील उणीव याच पडताळणीत लक्षात आली होती. नव्या जोड्या याच दिवशी येतात, आणि एक आली की निरुपयोगी ठरलेली एक काढली जाते. त्यामुळे पुस्तिका अजून दोन पानांचीच आहे.

माफीच्या वाक्याची जागा आम्ही अजून रिकामी ठेवली आहे. ‘क्षमस्व’, ‘दिलगीर आहोत’ आणि ‘चूक आमची आहे’ ही तिन्ही रूपे दुरुस्त उत्तरांत आढळतात, पण कोणत्या चुकीला कोणते रूप हे ठरवण्याइतकी उदाहरणे जमलेली नाहीत, आणि केवळ आवडीवरून जोडी लिहायची नाही हे पहिल्याच आठवड्यात ठरले होते.