अविश्वास ठराव आणि महाभियोग

आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते 1990 साली केंद्रात अर्थमंत्री होते. 7 नोव्हेंबरला विश्वनाथ प्रताप सिंग सरकार लोकसभेत 142 विरुद्ध 346 मतांनी हरले आणि दंडवत्यांवर कोणताही आरोप नसताना त्यांचेही मंत्रिपद गेले. तो विश्वासदर्शक ठराव होता, पण अविश्वास ठरावातही मोजणी तीच असते. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असल्याने गुन्हा सिद्ध करावा लागत नाही, कारणही लिहावे लागत नाही. 50 सदस्यांच्या पाठिंब्याने ठराव चर्चेला येतो आणि मतदान करणाऱ्यांच्या साध्या बहुमताने निकाल लागतो.

राष्ट्रपती मात्र त्या पराभवानंतरही पदावरच होते, कारण त्यांना काढण्याची वाट वेगळी आहे. महाभियोगात संविधानभंगाचा आरोप लेखी मांडावा लागतो, त्यावर सभागृहाच्या किमान एकचतुर्थांश सदस्यांच्या सह्या लागतात आणि 14 दिवसांची सूचना द्यावी लागते. एक सभागृह आरोप ठेवते, दुसरे चौकशी करते आणि दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश मते लागतात, म्हणजे 543 जणांच्या लोकसभेत 362.

खरी मेख ‘एकूण’ या शब्दात आहे. अविश्वास ठरावावेळी सभात्याग करणारा पक्ष बहुमताचा आकडा खाली आणतो आणि कधीकधी सरकार वाचवतो. महाभियोगात मात्र गैरहजर राहणारा खासदार प्रत्यक्षात विरोधातच मोजला जातो. भारतात आजवर एकाही राष्ट्रपतीला असे काढलेले नाही.