सामूहिक रामरक्षा: सगळ्यांनी एकत्र म्हणायची, दोन गटांत वाटायची की मागून म्हणवून घ्यायची?

चैत्रात रामनवमीच्या आधी सोसायट्यांमध्ये, मंडळांमध्ये सामूहिक रामरक्षेचं ठरतं आणि मग कुणीतरी ग्रुपवर एक पीडीएफ टाकतं, झालं, तयारी संपली असं सगळ्यांना वाटतं. पण त्या पीडीएफमध्ये श्वास कुठे घ्यायचा, कोण काय म्हणणार, यातलं काहीच नसतं. ते आधी ठरवून कागदावर आणायचं तर तीन पद्धती आहेत आणि कागद प्रत्येकीचा वेगळा होतो, म्हणून आधी पद्धत निवडा, टायपिंग नंतर.

सगळे एकत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ही सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात आधी बिघडते. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रत्येकाची चाल आणि वेग घरचा असतो. स्तोत्राचे बहुतेक श्लोक अनुष्टुभात आहेत, म्हणजे आठ अक्षरांचा चरण, सोळा अक्षरांची ओळ. सोळा अक्षरं मध्यम वेगात एका श्वासात आरामात होतात, त्यामुळे श्वास ओळीच्या शेवटी. आता होतं काय, की जलद म्हणणारे तो श्वासाचा थांबा खाऊन टाकतात, बाकीचे त्यांच्यामागे धावतात आणि कवच, म्हणजे एकेका अवयवाचं रक्षण मागणारा भाग, संपेपर्यंत वेग कुठच्या कुठे गेलेला असतो. हे ओळखायचं कसं, तर ओळीचं शेवटचं अक्षर ऐका. ‘भालं दशरथात्मजः’ मधला विसर्ग काही जण ‘जह’ असा पूर्ण म्हणतात आणि काही जण तोवर पुढच्या ओळीचा श्वास घेत असतात, शेवट असा फाटका ऐकू आला की थांबा खाल्ला जातोय असं समजायचं. उपाय म्हणजे एकाने मांडीवर हलका ठेका धरायचा आणि ओळीनंतर एक ठोका रिकामा सोडायचा, कागदावर तिथे श्वासाची खूण. वीस-पंचवीस माणसं असतील, सगळ्यांना पाठ असेल आणि दोन तालमी होणार असतील तर ही पद्धत खुशाल घ्या.

दोन गटांत वाटणं हे मला मनापासून आवडतं, आणि रामरक्षेला तर फारच शोभतं, कारण कवचाच्या ओळी अर्थाने सुट्या आहेत. बहुतेक ओळींत दोन अवयव, दोन नावं आणि ओळ पूर्ण. श्लोकाश्लोकाने वाटू नका, ओळीओळीने वाटा. श्लोकाने वाटलं तर दुसरा गट बत्तीस अक्षरं गप्प बसतो आणि ज्याला पाठ नाही तो तेवढ्यात जागा हरवतो. ओळीने वाटलं की समोरच्यांची ओळ हाच आपला श्वास, म्हातारी माणसंही दमत नाहीत. कागदावर ‘गट एक, गट दोन’ असं न लिहिता बसायच्या जागेवरून ‘डावे’ आणि ‘उजवे’ लिहा, कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही. असं दिसेल:

डावे: शिरो मे राघवः पातु / भालं दशरथात्मजः ✓
उजवे: कौसल्येयो दृशौ पातु / विश्वामित्रप्रियः श्रुती ✓
डावे: घ्राणं पातु मखत्राता / मुखं सौमित्रिवत्सलः ✓

तिरकी रेघ म्हणजे आवाज किंचित टेकवायचा पण श्वास नाही, आणि ✓ म्हणजे श्वास. थांब्यासाठी उभा दंड वापरू नका, तो संहितेत आधीच ओळीच्या शेवटी असतो आणि लोक गोंधळतात. (हाच कागद पुढे अथर्वशीर्षाला वापरायचा विचार असेल तर नको, तिथे अक्षरावरची उभी रेघ ही स्वराची खूण असते आणि मजकूरही बहुतेक गद्य आहे, त्याचं सगळंच वेगळं.)

तिरकी रेघ प्रत्येक आठ अक्षरांनंतर डोळे झाकून मारत सुटू नका. ‘पातालभूतलव्योमचारिणः’ यात आठवं अक्षर ‘व्योम’वर संपतं, पण शब्द ‘व्योमचारिणः’ असा जोडलेला आहे, तिथे थांबलं की आकाशात फिरणाऱ्यांचे दोन तुकडे होतात. ‘भर्जनं भवबीजानामर्जनं’ मध्येही तेच, आठ अक्षरं ‘बीजाना’वर संपतात आणि पुढे ‘मर्जनं’ असा भलताच शब्द ऐकू येतो. अशा ठिकाणी रेघ काढून टाका आणि सोळा अक्षरं सलग घ्या.

याच्या उलट, ध्यानाच्या श्लोकाला थांबे लागतातच. तो स्रग्धरा वृत्तात आहे, एकवीस अक्षरांचा चरण, सात-सात-सात असा. ‘ध्यायेदाजानुबाहुं / धृतशरधनुषं / बद्धपद्मासनस्थं ✓’ इथे वृत्त आणि अर्थ बरोबर चालतात. तिसऱ्या चरणात मात्र ‘मुखकमलमिलल्लोचनं’ हा लांबलचक शब्द येतो आणि सगळी सभा तिथे अडखळते. तो ‘मुखकमलमिलल् / लोचनं नीरदाभं’ असा तोडून छापा, वृत्तही तिथेच तुटतं, अडचण जाते. चौथ्या चरणात काही प्रतींत ‘जटामंडलं’ आहे तर काहींत ‘मंडनं’, कुठलं घ्यायचं ते आधी ठरवा, नाहीतर ऐनवेळी दोन्ही ऐकू येतील. हे ध्यान वाटून घ्यायचं नाही, सगळ्यांनी एकत्र आणि सावकाश. त्याच्या आधीचं ‘अस्य श्रीरामरक्षास्तोत्रमन्त्रस्य’ हे गद्य एकट्या माणसाला द्या, गद्याला ठेका नसल्यामुळे समूह तिथे हमखास विस्कटतो.

वाटून म्हणण्याचं खरं सुख ३७व्या श्लोकात आहे. ‘रामो राजमणिः सदा विजयते / रामं रमेशं भजे’, शार्दूलविक्रीडित, बारा अक्षरांवर यती, म्हणजे वृत्तातला थांबा, आणि पुढे सात. रामो, रामं, रामेण, रामाय, अशा सातही विभक्ती आणि शेवटी ‘भो राम’ हे संबोधन, म्हणजे चार चरणांचे आठ तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला राम शब्दाचं एक रूप. बारा अक्षरं डाव्यांना, सात उजव्यांना, आणि ‘भो राम मामुद्धर’ सगळ्यांनी मिळून. अर्थ न सांगता कळतो. ‘श्रीराम राम रघुनन्दन राम राम’ला मात्र जपा, चारही चरण सारखे दिसतात आणि लोक एकावरून दुसऱ्यावर उडी मारतात. रघुनन्दन, भरताग्रज, रणकर्कश, शरणं भव, एवढेच शब्द ठळक छापा.

तिसरी पद्धत, एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, ही मुलांसाठी, नव्या लोकांसाठी आणि परदेशातल्या मंडळांच्या ऑनलाइन पठणासाठी. ऑनलाइन आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र म्हणणं तिथे जमतच नाही, सांगणारा सोडून सगळ्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी म्हणायचं. एरवी दहा-बारा मिनिटांची रामरक्षा इथे दुप्पट लांबते हे धरून चला. सांगणाऱ्याने मागच्यांची ओळ चालू असताना मध्येच पुढची सुरू करायची नाही, आणि त्याच्या कागदावर प्रत्येक ओळीखाली तेवढीच रिकामी ओळ ठेवा म्हणजे डोळा आपोआप थांबतो. लांब चरण इथे यतीवर तोडून द्या, एकवीस अक्षरं एकदा ऐकून कुणालाच परत म्हणता येत नाहीत.

माणसं मिसळलेली असतील, काहींना पाठ आणि काहींना नाही, तर माझं मत सरळ आहे, कवच दोन गटांत, ध्यान आणि शेवटचा ‘राम रामेति रामेति’ एकत्र, आणि पाठ असलेली माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसवा, सगळी एकीकडे नकोत. कागद मोठ्या अक्षरात काढा, श्लोक एका पानावर अर्धा आणि दुसऱ्यावर अर्धा येऊ देऊ नका, पान ✓च्या जागीच उलटलं पाहिजे. तालमीत आधी फक्त ध्यान, २८ आणि ३७ हे श्लोक घ्या, अनुष्टुभ तर कसंही बसतंच.