पांढऱ्या रश्श्यातला ‘ऱ्या’: फोनवर मराठी टायपिंगचा काही महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत आमची खानावळ आहे. बुधवारी-रविवारी मटणाचा बेत असला की सकाळी ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझं. त्यात ‘पांढऱ्या रश्श्याची वाटी’ हे शब्द ठरलेले, आणि फोनच्या मराठीची खरी परीक्षा तिथंच होते.

इंग्रजी अक्षरांतून लिहायचं म्हणजे `pandharya`. माझ्या फोनवर आधी येतं ‘पांढर्या’, म्हणजे र चा रफार होऊन या च्या डोक्यावर. वरच्या पट्टीत बरोबर शब्द असतो, पण घाईत स्पेस दाबली की चुकीचाच बसतो. दुरुस्तीला अख्खा शब्द पुसायची गरज नाही. ‘र्या’ आतून चार तुकड्यांचा आहे: र, हलन्त, य, काना. आधी स्पेस पुसायची, मग बॅकस्पेस चारदा दाबला की ‘पांढ’ उरतं. मग देवनागरी कीबोर्डवर र दाबून धरायचा, त्यातला नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, पुढं हलन्त, य, काना.

काही जण ‘पांढ-या’ असं मधे डॅश टाकून भागवतात. दिसायला चालून जातं, पण ओळ संपत आली की ‘पांढ-’ वर राहतं आणि ‘या’ खाली जातं. शोधायला गेलं तर तेही सापडत नाही.

तिसरा प्रकार जास्त फसवा. साधा र, हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, वापरूनही अगदी तसाच ‘ऱ्या’ उमटतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. शिवाय मजकूर एका ॲपमधून दुसरीकडं नेताना ते अदृश्य चिन्ह गळालं, तर परत रफार! आमच्या मेनूकार्डाच्या प्रूफवर हेच झालं होतं. नुक्त्याच्या ऱ मध्ये लपलेलं काही नसतं, म्हणून मी तोच वापरते.

बोलून लिहिताना ‘पांढऱ्या’ बहुतेक वेळा नीट येतो. अडतं ते आमच्या बोलीपाशी. “मटण संपलं, आता येऊ नगासा” म्हटलं तर ‘नगासा’चा नकाशा झाला! भांड्यांच्या आवाजात तर नादच सोडावा.

बोटानं गिरवायला वेळ लागतो, पण ‘रश्श्याची’ मला त्यातच सोपं जातं, कारण श ला श आणि त्याला य ही जोडणी कळांवर चाचपत बसावी लागत नाही. ‘ऱ्या’ मात्र गिरवून भरवशाचा नाही. त्याची आडवी रेघ कधी डॅश समजली जाते.

आता कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात ‘पांढऱ्या रश्श्याची’ साठवून त्याला `pr` शॉर्टकट दिलाय. ‘भाकऱ्या’ आणि ‘दुसऱ्या’ही घातलेत. मेसेज हातानंच लिहिते. माईक लागतो तो फक्त गिऱ्हाइकाला ‘पार्सल तयार आहे’ एवढं कळवायला.