इंडोनेशियन अप्रेझल फॉर्म: सहामाही आणि वार्षिक फेरीनंतरचा अनुभव

जकार्ताच्या पूर्वेला करावांगमध्ये आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. वरचे बरेच मॅनेजर पुण्याहून आलेले, शेरे इंग्रजीत लिहिणारे. लाइनवरची आणि क्वालिटीतली माणसं मात्र इंडोनेशियनच वाचतात. शिवाय तिथल्या 2009 च्या भाषाविषयक कायद्यानुसार खासगी कंपन्यांनीही कामाच्या ठिकाणचा अधिकृत व्यवहार इंडोनेशियनमध्ये करायचा असतो. त्यामुळे फॉर्म आणि शेरे दोन्ही इंडोनेशियनमध्ये आणायचं काम एचआरकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

छापील भागाने फारसा त्रास दिला नाही. आडनावाचा रकाना काढून पूर्ण नावाचा एकच ठेवला, कारण तिथे अनेकांना एकच नाव असतं. गुण 3.5 ऐवजी 3,5 असे लिहिले, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. ‘कमकुवत बाजू’ या रकान्याचं ‘सुधारणेला वाव’ केलं. खरी कसोटी लागली ती मॅनेजरच्या शेऱ्यांवर.

क्वालिटीतल्या एका इन्स्पेक्टरचं उदाहरण देतो. मॅनेजरने इंग्रजीत तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: कागदपत्रांत निष्काळजी, ओनरशिप घेत नाही, जास्त अॅग्रेसिव्ह व्हायला हवं. बाहेरून करून घेतलेल्या भाषांतरात पहिल्याचं ‘चरोबोह’ झालं, म्हणजे सरळ बेफिकीर माणूस. दुसऱ्याचं ‘तिदाक बर्तांगुंग जवाब’ झालं, म्हणजे बेजबाबदार, आणि हा थेट स्वभावावरचा आरोप आहे. तिसरं ‘अग्रेसिफ’ असंच राहिलं. आपल्याकडच्या ऑफिसात ते कौतुक असतं, तिथे ते अंगावर धावून जाणारा असं वाचलं जातं. शब्दाला शब्द ठेवून पाहिलं तर भाषांतर बरोबर होतं, पण तो कागद त्या माणसाच्या हातात देण्यासारखा नव्हता.

आम्ही मॅनेजरला विचारलं, नेमकं काय घडलं? उत्तर साधं होतं. शिफ्ट बदलताना तपासणीचा तक्ता अर्धवट असायचा. दोष सापडला की तो सुपरवायझरला सांगायचा, पण पुढे त्याचं काय झालं हे बघायचा नाही. मग शेरा असा लिहिला: ‘लंबार पमरिक्सान बलुम दिइसी लंकाप सबलुम सराह तरीमा शिफ्ट’, म्हणजे शिफ्ट सोपवण्याआधी तपासणीचा तक्ता अजून पूर्ण भरला जात नाही. यात माणूस कर्ता नाही, तक्ता आहे. आणि ‘तिदाक’ म्हणजे ‘नाही’, त्याऐवजी ‘बलुम’ म्हणजे ‘अजून नाही’ वापरल्यामुळे पुढे होईल ही वाट उघडी राहते. पुढच्या वाक्यात ‘मोहोन’, म्हणजे कृपया, वापरून दोष बंद होईपर्यंत पाठपुरावा करायला सांगितलं. ‘अग्रेसिफ’च्या जागी ‘प्रोआक्तिफ’ आलं. अप्रेझलच्या चर्चेत तो इन्स्पेक्टर मोकळेपणाने बोलला, आणि तक्ता का राहतो हेही त्यानेच सांगितलं: शिफ्ट सोपवायची वेळ आणि बस सुटायची वेळ जवळजवळ एकच होती.

काही शब्द आम्ही फॉर्ममधून पूर्ण बाद केले: ‘तगुरान’, ‘परिंगातान’, ‘पलांगारान’, म्हणजे समज, इशारा, नियमभंग. तिथे लेखी इशारापत्राला ‘सुरात परिंगातान’ म्हणतात. ती साधारणपणे पहिलं, दुसरं, तिसरं अशी दिली जातात आणि नोकरी जाण्याची वाट त्यांच्यावरून जाते. त्यामुळे अप्रेझलमध्ये ‘परिंगातान’ दिसलं की वाचणाऱ्याला पहिलं पत्र आल्यासारखं वाटतं.

या पद्धतीची उलटी बाजूही वापरताना दिसली. स्थानिक सुपरवायझर आपल्या माणसाला दुखवायला फार संकोचतात, म्हणून त्यांचे शेरे एकाच साच्यातले येतात: ‘सुदाह बाइक, पर्लू दितिंगकात्कान लागी’, म्हणजे चांगलं आहे, आणखी सुधारावं. कोणी दुखावत नाही, पण कोणाला काही कळतही नाही. हे ओळखायची खूण फॉर्ममध्येच आहे. शेवटी कर्मचाऱ्याने स्वतःच्या शब्दांत पुढची योजना लिहायची असते. तिथे ‘आणखी चांगलं काम करीन’ एवढंच असेल तर समजायचं की शेरा पोचलेला नाही. आता अशा शेऱ्यात एक घडलेली गोष्ट आणि एक तारीख असल्याशिवाय मी तो फॉर्म पुढे पाठवत नाही. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याकडून इंडोनेशियन शेरा उलट इंग्रजीतही करून घेतो. अर्थ पातळ झाला असेल तर तिथे लगेच दिसतं.

गुणांच्या पट्टीवर मात्र मी समाधानी नाही. मधली श्रेणी ‘चुकुप’ आहे. मॅनेजरच्या लेखी ती ‘ठीक, अपेक्षेप्रमाणे’, पण शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘चुकुप’ म्हणजे जेमतेम, म्हणून हातात पडताच चेहरे उतरतात. पुढच्या फेरीला तिथे ‘ममनुही हारापान’, म्हणजे अपेक्षा पूर्ण करतो, असं छापणार आहोत.

सहीच्या वर घातलेली एक ओळ मात्र फार उपयोगी पडली: ‘मी हे वाचलं आणि यावर चर्चा झाली, सही म्हणजे सगळ्याला संमती नव्हे.’ ती आल्यापासून सहीसाठी फॉर्म अडून राहत नाहीत, आणि खालच्या रकान्यात लोक स्वतःची बाजूही लिहू लागले आहेत.